१३.३१ की १३.४?

इंदूरमधल्या ज्या शाळेत मी मराठी शिकवतो, तिच्या क्रीडावार्षिकाचा मराठी विभाग गेल्या वर्षी माझ्याकडे आला. वर्षानुवर्षे तो प्रत्येकाने आपापल्या मर्जीप्रमाणे लिहिला होता. जुने अंक चाळताना एकाच अंकात ‘क्रीडा’ आणि ‘क्रिडा’ शेजारी नांदत असल्याचे दिसले, तेव्हा दोन पानांची लेखननियमावली करून ठेवावी असे ठरवले. तिचा सर्वांत कठीण नियम मात्र छपाईला जाण्याच्या आदल्या दुपारी लिहावा लागला.

त्या दुपारी नववीतल्या विद्यार्थी-संपादकाने मुखपृष्ठावरचा मजकूर पुढे ठेवला. मुलींच्या १०० मीटर धावण्यात आमच्या एका विद्यार्थिनीने १३.३१ सेकंदांची वेळ देऊन १३.४ सेकंदांचा शालेय विक्रम मोडला, असे त्यात ठळक अक्षरांत होते. मला शंका आली ती दशांशचिन्हापुढच्या दोन अंकांमुळे. शाळेच्या मैदानावर वेळ स्टॉपवॉचने घेतली जाते. शतांश सेकंद अधिकृतपणे छापण्याचा मान विद्युत यंत्रणेने घेतलेल्या वेळेलाच असतो.

क्रीडाशिक्षकांनी अंतिम शर्यतीचे वेळपत्रक आणले. तीन वेळाधिकाऱ्यांची घड्याळे १३.३१, १३.३८ आणि १३.४५ अशी थांबली होती आणि बातमीदाराने त्यांतली सर्वांत कमी वेळ उचलली होती. अॅथलेटिक्सच्या नियमानुसार हाताने घेतलेली वेळ, शतांशाच्या जागी शून्य नसेल तर, पुढच्या दशांशावर नेतात, म्हणजे १३.३१ देखील १३.३ न होता १३.४ होते. त्याप्रमाणे आमची तीन घड्याळे १३.४, १३.४ आणि १३.५ झाली. तिघांपैकी दोन घड्याळे जुळली तर तीच वेळ धरायची, तिन्ही वेगळी आली तर मधली, आणि दोनच घड्याळे असून ती जुळली नाहीत तर जास्त असलेली, असा संकेत आहे. आमची अधिकृत वेळ १३.४ ठरली आणि विक्रम मोडला नाही, त्याची बरोबरी झाली.

संपादक हिरमुसला. ‘सर, घड्याळावर तर १३.३१ स्पष्ट दिसतेय ना?’ हा त्याचा प्रश्न रास्त होता. पिस्तुलाचा धूर पाहून बटण दाबेपर्यंत माणसाचा थोडा वेळ जातोच, म्हणून हातातले घड्याळ उशिरा सुरू होते आणि धावपटू प्रत्यक्षाहून वेगवान भासतो. अशा घड्याळातला शतांश हा मोजलेला अंक नसून बोटाची लकब असते, असे मी त्याला समजावले. त्यानंतर नियमावलीत लिहिले: हाताने घेतलेली वेळ दशांशापर्यंतच छापावी, आणि वेळपत्रक पाहिल्याशिवाय ‘विक्रम’ हा शब्द मथळ्यात घेऊ नये.

या टिंबाने मग आमची पाठ सोडली नाही. खो-खोच्या वृत्तात संघ ‘३.१० मिनिटे राखून’ जिंकला होता, म्हणजे तीन मिनिटे दहा सेकंद की तीन मिनिटे सहा सेकंद, हे वाचणाऱ्याने कसे ओळखावे? आता आम्ही ‘३ मिनिटे १० सेकंद’ असे पूर्ण लिहितो. क्रिकेटमध्ये १८.३ षटके म्हणजे १८ षटके आणि ३ चेंडू. तिथे टिंब रूढ आहे, म्हणून ठेवले. पण धावगती काढताना १८.५ ने भागायचे, अशी टीप जोडली, कारण एका वृत्तातली धावगती नेमकी तिथेच चुकली होती.

उपाधींचा प्रश्न लवकर मिटला. निकालांत ‘कु.’ आणि ‘चि.’ गाळले; विद्यार्थ्यांसाठी एकवचनी क्रियापद, शिक्षक व पाहुण्यांसाठी आदरार्थी अनेकवचन, आणि पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव व पद. सी. के. नायडूंवरच्या लेखात ते तीन प्रकारे लिहिले गेले होते. ‘कर्नल’ ही पदवी पहिल्या उल्लेखापुरती राहिली.

आडनावांचे दुखणे मात्र खास आमच्या शहराचे आहे. नोंदवहीचे काम हिंदीत चालते आणि तिथे ‘ळ’ सहसा ‘ल’ होतो, त्यामुळे घरी काळे असलेले मूल शाळेत काले होते, आणि पाटील हे पाटिल. इंग्रजी यादीवरून अंदाज बांधणे त्याहून धोक्याचे. म्हणून संघाच्या यादीवर प्रत्येक खेळाडूने आपले नाव मराठीत स्वतःच्या हाताने लिहायचे आणि तेच छापायचे, असा नियम झाला. ‘इंदूर’ मात्र आपल्या वाक्यात इंदूरच. एखाद्या संघाच्या नोंदणीकृत नावात ‘इंदौर’ असेल तर तिथे तसेच.

मुखपृष्ठाचा मथळा ‘शालेय विक्रमाशी बरोबरी’ असा बदलला. संध्याकाळी त्या धावपटूला बोलावून कारण सांगितले. तिने वेळपत्रक दोनदा वाचले आणि विचारले, ‘मग फलकावर दोघींची नावे येणार ना?’ येणार होती. तिच्या आडनावातही ‘ळ’ आहे, म्हणून पेंटरला द्यायच्या चिठ्ठीवर तिच्याकडूनच नाव लिहून घेतले.