कापूर उडतो

दुपारचा चहा टाकला होता. आधण येईपर्यंत उभी होते, तर नात देवघरासमोर बसून स्वतःशीच काहीतरी बडबडत होती. चौदा महिन्यांची पोर देवाशी बोलतेय म्हणून कौतुकाने डोकावले. मांडीत कापराची डबी, झाकण भलतीकडेच आणि फरशीवर पांढऱ्या वड्या पसरलेल्या. एक तिच्या मुठीत. बत्तासा नाहीतर खडीसाखर म्हणून कुणीही तोंडात टाकावी अशी.

मूठ सोडवून वडी काढून घेतली आणि मग लक्षात आलं की डबीत मुळात किती होत्या, ते मला ठाऊकच नाही. घरात तांदूळ किती उरलेत ते मी झोपेतही सांगेन. सिलिंडर कोणत्या तारखेला लावला, तेही. पण कापराच्या वड्या कोण मोजतं?

माझी आईही मोजत नसे. तिच्या पितळी डबीत कापराबरोबर चार मिरी असत, कापूर उडू नये म्हणून. मिरी कापराला धरून ठेवतात की ते सगळं श्रेय घट्ट झाकणाचं, हा वाद मी कधी घातला नाही. मीही टाकते. शाळेत पुढे बाईंनी ‘संप्लवन’ हा शब्द फळ्यावर लिहिला. पदार्थ न वितळता एकदम त्याची वाफ होते म्हणे. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. कापूर उडतो, हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही माहीत.

आजोळी, राजापूरकडे, गणपतीत आरती संपली की मामा आम्हा पोरांना एक खेळ दाखवायचा. ताम्हणात स्वच्छ पाणी घ्यायचं आणि कापराचा चुरा चिमटीने वरून सोडायचा. ते कण पाण्यावर तरंगत आणि चावी दिल्यासारखे पळत सुटत. गिरक्या घेत, एकमेकांना धडकत. आम्ही ओणवे होऊन बघायचो. एकदा सगळे कण जागच्या जागी थिजले. मामाने वर बघून विचारलं, “वड्याचं बोट कोणी बुडवलं रे?” धाकटा मावसभाऊ तोंड पुसत होता. तेलाचा एवढासा तवंग पाण्यावर पसरला की कापराचं नाचणं बंद. ताम्हण घासून, नवं पाणी घेऊन पुन्हा पहिल्यापासून. पेटवलेली वडीही पाण्यावर तरंगत जळते, पण तो खेळ आजीच्या नजरेआड.

त्या माजघरात आरतीला मूठमूठ कापूर जळायचा आणि कुणाला ठसका लागल्याचं आठवत नाही. कारण घरालाच फटी होत्या. कौलांमधून धूर निघून जायचा. वासे तेवढे काळे पडलेले. कापराची ज्योत काजळी फार धरते. आमच्या फ्लॅटमध्ये देवघर म्हणजे हॉलच्या भिंतीतला कोनाडा. खिडक्या सरकत्या काचांच्या, पावसाळ्यात लावलेल्या, उन्हाळ्यात एसीसाठी लावलेल्या. दोन वड्या लावल्या की डोळे चुरचुरतात आणि दर दिवाळीला कोनाड्यावरचा काळा ठिपका रंगवावा लागतो. म्हणून आरतीच्या वेळी मी खिडकी उघडते आणि पंखा बंद ठेवते. आरती झाली की लगेच पंखा लावते. जावयाला हे वेड वाटतं. वाटो.

त्यानेच मागच्या वर्षी विजेवर चालणारी कापूरदाणी आणली. ज्योत नाही, काजळी नाही, पोराला चटका बसण्याची भीती नाही. मलाही आवडली. मग एका रात्री बाळाच्या खोलीत ती लावून दार बंद केलं आणि पहाटे आत गेले तर वास नाकात सुई घातल्यासारखा शिरला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ज्योतीत बराचसा कापूर जळून संपतो, वास येतो तो न जळता निसटलेल्याचा. कापूरदाणी काहीच जाळत नाही. नुसती ऊब देते आणि वडीच्या वडी हवेत सोडते. बंद खोलीत ती सगळी त्या एवढ्याशा छातीत जायची. तेव्हापासून ती दाणी शोकेसमध्ये आहे. दिसते छान.

बाळंतपणातही याच कापरावरून लेकीचं आणि माझं वाजलं होतं. बाळाला सर्दी झाली म्हणून मी खोबरेल तेलात कापूर घालून गरम केलं, जसं आजीने आम्हाला छातीला चोळलं तसंच. लेक वाटी घेऊन सरळ मोरीत गेली. “आई, डॉक्टरांनी दोन वर्षांपर्यंत नाही म्हणून सांगितलंय. कातडीतून आत जातो तो.” मी दोन दिवस फुगून बसले. आम्ही नाही का वाढलो, वगैरे सगळं मनात म्हणून झालं.

तर, ती दुपार. लेकीने पहिलं काम केलं ते बाळाच्या तोंडाचा वास घेण्याचं. मीही घेतला. दुधाचा वास. हाताला मात्र कापराचा. मी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला निघाले होते. लेकीने हात धरला आणि बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. ते म्हणाले, ओकारी अजिबात काढू नका. कापूर पोटात गेला तर आधी रडणं, मळमळ असं काही न होता एकदम झटका येऊ शकतो, तोही पाच-दहा मिनिटांत, आणि तेव्हाच ओकारी झाली तर श्वासनलिकेत जाते. मग विचारलं, बाळाचं वजन किती? नऊ किलो. वडी केवढी? आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा वड्या ठेवल्या, सहा ग्रॅम भरल्या. “म्हणजे एक वडी सहाशे मिलिग्रॅम, अर्ध्या ग्रॅमहून जास्त,” ते म्हणाले. “या वजनाच्या बाळाला पाव ग्रॅमच्या वर गेला असेल तर दवाखान्यात आणायचंच. आणि किती गेला ते माहीत नसेल तरीही आणायचंच.” पाव ग्रॅम म्हणजे अर्धी वडीही नाही. एक ग्रॅमच्या आसपास कापराने लहान मुलं दगावल्याच्या नोंदी आहेत, हे त्यांनी नंतर, दवाखान्यात, सगळं शांत झाल्यावर सांगितलं.

चार तास बसवून ठेवलं आम्हाला. ती मजेत खेळत होती, नर्सबाईंच्या स्टेथोस्कोपशी. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते, बोटं थरथरतायत का बघत होते, आणि मनात सारखी एकच बेरीज: दसऱ्याला नवं पाकीट फोडलं, रोज एक, शनिवारी दोन, मध्ये पाहुणे आले तेव्हा किती? काही लागेना. घरी आलो, ती झोपली. डबी मी माळ्यावर ठेवली, मिरी घालून.

परवा केर काढताना दिवाणाखालून एक वडी निघाली. निम्मी झालेली, कडा गोल, गुळगुळीत. खिडकीपाशी नेऊन उजेडात उलटसुलट करून बघितली. उडून निम्मी झाली होती, की कुणी चोखून? काही कळायला मार्ग नव्हता.