दोहात बाविसावी, अंबाजोगाईत एकविसावी

रोजा सोडून चहा घेत होतो, तेवढ्यात अंबाजोगाईहून अम्मीचा फोन. "आज ताक रात आहे, झोपू नकोस." मी म्हटलं, "अम्मी, इथं आज बाविसावी लागली." दोहाला चाँद एक दिवस आधी दिसला होता. तारीख मगरिबला, म्हणजे सूर्य मावळला की बदलते, म्हणून तिकडं विसावा रोजा सोडला की एकविसावी, म्हणजे विषम, ताक रात्र. माझा एकविसावा सुटला होता.

"मग शब-ए-कद्र दोनदा येते का रे?" शब-ए-कद्र ही रमजानमधली सगळ्यांत मोठी रात्र, म्हणून अम्मीचा सवाल रास्त होता.

आमच्या खोलीत नांदेडचे एक मौलवीसाहेब राहतात, ड्युटी संपली की किताब उघडून बसणारे. ते म्हणाले, रात्र ठरलेली सांगायला पैगंबर बाहेर आले होते, पण दोन माणसं भांडत होती आणि ते ज्ञान उचललं गेलं. (आमच्याकडं भावकीच्या भांडणात बांध जातो, इथं अख्खी रात्र गेली!) उरलं ते एवढंच की शेवटच्या दहा रात्रींतल्या ताक रात्रींत शोधा. हजार महिन्यांहून, म्हणजे त्र्याऐंशी वर्षं चार महिन्यांहून, मोठी म्हटलेली रात्र.

पण विषम कुठून मोजायची? सरळ मोजलं तर २१, २३, २५, २७, २९. मात्र हदीसमध्ये 'नऊ उरल्या असता, सात उरल्या असता, पाच उरल्या असता' असंही आलंय. हे मोजणं शेवटाकडून. मौलवीसाहेबांनी माझ्या पगाराच्या पाकिटामागं मांडून दाखवलं. महिना २९ चा असेल तर एकविसावीपासून एकोणतिसावीपर्यंत नऊ रात्री, म्हणजे दोन्ही हिशेब जुळतात. महिना ३० चा झाला तर नऊ उरतात बाविसावीला, सात चोविसावीला. सम रात्री ताक ठरल्या! जुने इस्लामी विद्वान इब्न तैमिया यांनीही हेच मांडलंय. आणि महिना किती दिवसांचा, ते एकोणतिसाव्या संध्याकाळी चाँद पाहिल्यावरच कळतं, तोवर रात्री निघून गेलेल्या.

आमच्याकडं सगळा भर सत्तावीसवर असतो. मशिदीत लायटिंग, तरावीहमध्ये कुरआन खतम, पोरं पहाटेपर्यंत गल्लीत. त्याला आधार आहे, पैगंबरांचे साथी, सहाबी उबय इब्न काब सत्तावीसचीच शपथ घ्यायचे. पण दुसऱ्या एका रिवायतीत पैगंबरांना स्वप्नात आपण पाण्या-चिखलात सजदा करताना दिसले, आणि पाऊस पडून मशिदीचं झावळ्यांचं छप्पर गळलं, कपाळाला चिखल लागला, ती रात्र एकविसावी होती. म्हणून सत्तावीस पक्की धरून बाकीच्या झोपून काढणं मला पटत नाही.

अम्मीला मी पाकिटावरचा हिशेब वाचून दाखवला. इथं तीस झाले, तिकडं एकोणतीस, आणि ईद एकाच दिवशी आली, तर आजची माझी बाविसावी आणि तुझी एकविसावी, दोघींच्या मागं नऊच उरतात. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे आज जागायचंच आहे. सकाळी ड्युटी कितीला?"

सहाला.