एकट्याच लागलेल्या आंब्याच्या कोया

मे महिन्याच्या अखेरीस, वळवाचा एक पाऊस होऊन गेल्यावर, खानापूर तालुक्यात जांबोटीजवळच्या एका शिवारात मी रायवळ आंब्याच्या कोया फोडत बसलो होतो. कोयीतल्या सोंड्या भुंग्याची नोंद ठेवणे हे माझे काम. बांधावरच्या सहा झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. त्यांपैकी पाच झाडे यंदा रिकामी होती आणि सहावे लगडलेले होते. "ह्यो एकटाच लागलाय बघा यंदा," शेताचे मालक मामा म्हणाले. मागच्या साली नेमके उलटे होते: ती पाच भरलेली, आणि याचा लवकर आलेला मोहोर अवकाळी पावसात गळून गेलेला.

गेल्या वर्षी त्या पाच झाडांच्या प्रत्येकी 50, म्हणजे 250 कोया मी फोडल्या होत्या. त्यांपैकी 38 किडक्या निघाल्या. यंदा या एकाच झाडाच्या 50 कोयींत 41 किडक्या. फळ बाहेरून अगदी निरोगी दिसत होते, कारण मादी कोवळ्या कैरीवर अंडे घालते, अळी आत शिरते आणि तिची वाट फळ वाढताना भरून येते. कोय उभी चिरल्यावरच आतला काळा भुसा आणि त्यात पाय आखडून बसलेला भुंगा दिसतो.

हा भुंगा आंब्याखेरीज कशावरही वाढत नाही, त्याची वर्षाला एकच पिढी होते, आणि पुढच्या मोहोरापर्यंत तो सालीच्या भेगांत दडून राहतो. मागच्या साली फळे इतकी होती की भुंग्यांना ती पुरून उरली. किडीचे प्रमाण कमी राहिले, पण एकूण भुंगे मात्र भरपूर तयार झाले. यंदा त्या साऱ्यांना हे एकच झाड सापडले.

पाऊसपाणी मानवले म्हणून हे झाड लागले, असे म्हणावे, तर तोच पाऊस सहाही झाडांवर पडला होता. फरक डहाळ्यांत होता. भरघोस फळलेल्या पाच झाडांना गेल्या साली नवी पालवी जवळजवळ फुटली नाही, आणि पक्व पालवीवाचून मोहोर येत नाही. याने मात्र फळांवर खर्च न झालेले अन्न पालवीत घातले. म्हणजे पीक त्या वर्षीच्या पावसाच्या मापाने येत नाही, झाडातल्या अन्नसाठ्याच्या मापाने येते. अर्थात साठ्यामुळे झाड वर्षाआड का फळते, एवढेच कळते. सर्वांनी एकाच साली फळण्यात लाभ कोणता, ते या 41 कोयी सांगतात.

हे झाड मुळातच किडीला जास्त बळी पडणारे असेल, ही शंका मात्र एका झाडावरून फिटत नाही. शिवाय किडकी कोय म्हणजे मेलेली कोय नव्हे: बियातली अन्न साठवणारी दळे मोठी असल्याने अर्धवट खाल्लेलीही पुष्कळदा रुजते. म्हणून भुंगे काढून त्या 41 कोया मी वेगळ्या वाफ्यात लावल्या आणि नोंदवहीत रुजव्यासाठी नवा रकाना आखला.