तुम्ही विचारलंत म्हणून: एनसीला मराठी शब्द

"सगळी चेकलिस्ट मराठीत केलीत, मग 'एनसी' तशीच का ठेवलीत? मराठी शब्द सुचला नाही का?"

एनसी म्हणजे नॉनकन्फॉर्मिटी: कारखान्याच्या ऑडिटमध्ये एखादी अपेक्षा पूर्ण झालेली नाही असं दिसलं की होणारी नोंद. तिला मराठी शब्द सुचला होता आणि छापलाही होता. अंबडच्या एका कारखान्यासाठी केलेल्या पहिल्या फॉर्मवर मी 'दोष नोंद अहवाल' असं ठळक लिहिलं होतं. शब्द छोटा, मशीनवरच्या कुणालाही कळणारा. 'अननुरूपता' लिहून लोकांना दूर ढकलायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि तो निर्णय मला आजही पूर्ण चुकीचा वाटत नाही.

त्या फॉर्मवरची पहिलीच नोंद एका मायक्रोमीटरची होती. सीएनसीवर बुश टर्न होत होते. ऑडिटरने ऑपरेटरच्या हातातला ०-२५चा मायक्रोमीटर बघायला घेतला, तर स्टिकरवरची कॅलिब्रेशनची मुदत उलटून ४१ दिवस झाले होते. अहवाल चोख होता. मोजमापाची साधनं ठरलेल्या मुदतीत कॅलिब्रेट झालेली हवीत, ही आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थेच्या मानकातली अपेक्षा. मग पुरावा म्हणून मायक्रोमीटरचा नंबर आणि स्टिकरवरची तारीख. मग अपेक्षा कुठे पूर्ण झाली नाही ते एका वाक्यात. कुणाचं नाव नाही, कुणावर ठपका नाही.

पण त्याखालचे रकाने माझ्या शब्दांत होते. 'दोषाचे कारण' समोर सुपरवायझरने लिहिलं, "ऑपरेटरने स्टिकर पाहिले नाही." 'दोष निवारण' समोर, "मायक्रोमीटर कॅलिब्रेट केला. ऑपरेटरला मेमो दिला." कारण विचारलं असतं तर त्यांनी कदाचित शोधलं असतं. दोष विचारला, म्हणून माणूस शोधला.

दोन आठवड्यांनी मी तिथे गेले तेव्हा तो ऑपरेटर कॅन्टीनजवळ थांबला होता. बावीस वर्षांच्या नोकरीतला त्याचा हा पहिला मेमो. त्याने खिशातून घडी केलेली झेरॉक्स काढली.

"ताई, हे मराठी तुम्ही केलं ना?"

मी हो म्हटलं आणि समजावायला लागले, की ही नोंद तुमच्यावर नाही, पद्धतीवर आहे.

त्याने 'दोष' या शब्दावर बोट ठेवलं. "मग इथं काय लिहिलंय?"

मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही, पण ते उत्तर नव्हतं एवढं आठवतं.

खरं कारण नंतर निघालं. तो मायक्रोमीटर सिन्नरच्या युनिटमधून आणलेला. तिथल्या कॅलिब्रेशन यादीतून त्याचा नंबर खोडला गेला आणि अंबडच्या यादीत चढलाच नाही. त्यामुळे 'या महिन्यात कोणती साधनं पाठवायची' या पत्रकात तो कधीच येणार नव्हता. ऑपरेटरने स्टिकर पाहायला हवा होता, हेही खरं. पण त्याने पाहून सांगितलं असतं तरी पुढच्या वेळी युनिट बदललेला मायक्रोमीटर तसाच निसटला असता.

मला जास्त लागलं ते वेगळंच. आयएसओ ९००० च्या व्याख्यांत हे दोन शब्द आधीच वेगळे केलेले आहेत. अपेक्षा पूर्ण न होणं ही एनसी. ठरलेल्या वापराशी संबंधित अपेक्षा पूर्ण न होणं हा डिफेक्ट, आणि या फरकाला कायदेशीर जबाबदारीची बाजू असते म्हणून तो महत्त्वाचा, अशी टीपही तिथे आहे. मी ती वाचली होती. 'लोकांना कळेल' या हट्टापायी बाजूला ठेवली.

आता फॉर्मवर 'एनसी' आहे आणि खाली 'अपेक्षा पूर्ण झाली नाही' एवढंच. त्याखालचा एक रकाना मी तोडून दोन केले: 'आत्ता काय दुरुस्त केलं' आणि 'पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं'. आधी मी करेक्शनला 'सुधारणा' आणि करेक्टिव्ह ॲक्शनला 'सुधारात्मक कृती' लिहून पाहिलं होतं. दोन्हींत लोक एकच मजकूर भरायचे, आणि मराठी म्हणून ते बरोबरच वाचत होते. या मायक्रोमीटरपुरतं सांगायचं तर तो कॅलिब्रेट करणं पहिल्या रकान्यात. त्यात तो चुकीचं मोजत होता असं निघालं, तर मागच्या कॅलिब्रेशनपासून त्याने मोजलेल्या बुशचं काय करायचं ते पाहणंही तिथेच. युनिट बदलताना साधनाची नोंद दोन्ही याद्यांत झाल्याशिवाय ते हलवायचं नाही, हे दुसऱ्यात.

'कॅलिब्रेशन वेळेवर होते का?' या प्रश्नाखालीही मी एक ओळ सुचवली: 'हातातल्या साधनाचा नंबर यादीत दाखवा.' यादी घेऊन साधन शोधलं तर यादीत नसलेलं कधीच सापडत नाही. भाषांतरकाराने हे करायचं नसतं, असं मला सुनावण्यात आलं. ऑडिटरने ओळ ठेवली.

म्हणून एनसी. पण परवा सातपूरला एका पोराच्या तोंडून ऐकलं, "माझ्यावर एनसी पडली." कारणाच्या रकान्यात अजूनही "ऑपरेटरला समज दिली" येतं. आता तर तिथे माझा शब्दही नाही.