ऐकणाऱ्यासाठी रकाना नव्हता: परिसंवादाच्या कॅमेरा प्लॅनचा माझा अनुभव

परिसंवाद होऊन आता बरेच दिवस झाले, तरी तो फॉर्म आठवला की अजून चिडचिड होते. सभागृहाच्या तांत्रिक विभागाला आधी कॅमेऱ्यांचा आराखडा भरून द्यावा लागतो. त्यात प्रत्येक वक्त्यापुढे एकच चौकट: कॅमेरा क्रमांक. मी प्रत्येकापुढे दोन-दोन आकडे लिहिले, तर फॉर्म दोनदा परत आला. "मॅडम, एका माणसाला एकच कॅमेरा लिहायचा." खरी अडचण तिथेच होती. परिसंवादात माणूस बोलतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ऐकतो, आणि ऐकताना त्याची मान दर वेळी वेगळ्या बाजूला वळते.

आमची मांडणी साधी होती. अर्धगोलात पाच खुर्च्या, चित्रात डावीकडून उजवीकडे: सूत्रसंचालक, मग क, ख, ग आणि घ. पाहुण्यांना अक्षरं आणि कॅमेऱ्यांना आकडे, हे आधीच ठरवून टाका. टॉकबॅकवर, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या मुलांशी बोलायच्या हेडफोनवर, "दोन वर दोन दे" म्हटलं की कोणता दोन माणूस आणि कोणता दोन कॅमेरा, हा घोळ आम्ही पहिल्या तालमीत घातला होता. डावं-उजवंही कायम चित्रातलं धरायचं, पाहुण्याचं नाही.

कॅमेरे चार. एक आणि दोन डावीकडे, तीन उजवीकडे, चार मधोमध वाइडला, म्हणजे पाचही जण एकत्र दाखवायला. आपण सहज करतो ते म्हणजे डाव्या कॅमेऱ्याला डावीकडची माणसं द्यायची, उजव्याला उजवीकडची. मीही तसंच केलं, आणि घ पूर्ण तालीमभर बाजूनेच दिसला, एक डोळा आणि एक कान. सूत्रसंचालक डाव्या टोकाला असल्यामुळे सगळे पाहुणे बोलताना डावीकडे बघतात, म्हणून त्यांचे चेहरे डाव्या कॅमेऱ्यांनाच मिळतात. सूत्रसंचालक उजवीकडे बघतो, म्हणून तो तीनचा. क आणि ग एकवर, ख आणि घ दोनवर. शेजारी-शेजारी बसलेले दोघे वेगळ्या कॅमेऱ्यांवर असले की कनंतर ख बोलू लागला तरी कोणत्याही कॅमेऱ्याला ऑन एअर पॅन करावं लागत नाही. कनंतर ग आला, तर एक नंबर वळून स्थिर होईपर्यंत तीन-चार सेकंद वाइड.

इथपर्यंतचा भाग अर्ध्या तासात झाला. रिॲक्शन शॉटनी, म्हणजे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याच्या शॉटनी, मात्र तीन संध्याकाळी खाल्ल्या.

तालमीत क बोलत होता, सूत्रसंचालकाकडे बघून, म्हणजे डावीकडे. मला ऐकणारा चेहरा हवा होता. दोन नंबर मोकळा होता, त्याने घ धरला, चेहरा अगदी समोरून, छान उजेडात. मी कट केला. रेकॉर्डिंग बघताना मात्र काहीतरी खटकत राहिलं. तोच तुकडा मी किती वेळा मागे घेऊन पाहिला असेल! शेवटी लक्षात आलं की क डावीकडे बघतोय आणि घसुद्धा डावीकडेच. घ खरोखर ककडे बघत होता, पण पडद्यावर दोघांची नजर एकाच दिशेला जात होती, त्यामुळे घ कचं ऐकतोय असं वाटतच नव्हतं. दोघे मिळून तिसऱ्याच कुणाकडे बघत बसलेत असं दिसत होतं. कॅमेरे सगळे समोरच्याच बाजूला होते, बोलणाऱ्या-ऐकणाऱ्याला जोडणारी कल्पित रेषा कुणी ओलांडली नव्हती, तरीही नजर जुळत नव्हती.

उलट घ बोलत असताना क, ख, ग सगळे उजवीकडे वळतात. त्यांचे चेहरे मिळतात फक्त तीनवर, आणि तिथे नजरही बरोबर जुळते: घ डावीकडे, ऐकणारा उजवीकडे. पण सूत्रसंचालकही तीनवरच. म्हणजे जे शॉट सहज मिळत होते ते फसवे, आणि जे खरे होते ते सगळे एकाच कॅमेऱ्याच्या गळ्यात.

यावर उपाय सापडला तो असा. आधी वक्ता कोण ते बघायचं, मग ऐकणारा त्याच्या कुठल्या बाजूला बसलाय ते. ऐकणारा वक्ता आणि सूत्रसंचालक यांच्या मधे असेल तर तो तीनचा. पण तीनने पहिला शॉट कायम सूत्रसंचालकाचा द्यायचा, कारण बोलणं त्याला उद्देशून चाललेलं असतं. मी वक्त्यावर परत आले की तीनने मधल्या पाहुण्याकडे वळायचं. ऐकणारा वक्त्याच्या पलीकडे असेल तर एक आणि दोन यांतला जो मोकळा असेल त्याचा, पण एकटा घ्यायचा नाही. शेजारी असेल तर वक्त्यासह टू-शॉट, लांब असेल तर आधी वाइड दाखवून मग त्याचा चेहरा. वाइडमध्ये कोण कुठे बसलंय हे प्रेक्षकाने नुकतंच पाहिलेलं असतं, म्हणून ती एकाच दिशेची नजर मग खटकत नाही.

हे सगळं एका चौकटीत कसं लिहायचं? मी वेगळा कागद घेतला. आडवे वक्ते, उभे ऐकणारे, प्रत्येक घरात कॅमेरा आणि शॉट. तो फॉर्मला स्टेपल केला, फॉर्मवर एकेकच आकडा लिहिला, आणि तिसऱ्या वेळी तो घेतला. कॅमेऱ्यावरच्या मुलांनी प्रत्यक्षात वापरला तो हा दुसरा कागदच, आणि त्याचा मला अभिमान आहे.

खुर्च्यांचं सांगायचं राहिलं. फिरत्या खुर्च्या नकोत. पाहुणा बोलता बोलता पूर्ण शेजाऱ्याकडे फिरला की सगळी आखणी गेली. आणि बाजूचे कॅमेरे फार टोकाला ढकलू नका, टोकाच्या माणसाचं डोकं प्रत्येक फ्रेमच्या कोपऱ्यात येतं.

कट करायचे माझे नियम थोडे आहेत. नवा वक्ता सुरू झाला की पहिली दहाएक सेकंद त्याच्यावरच राहायचं. रिॲक्शनला जायचं ते विचार संपतो तिथे, वाक्याच्या मधे नाही. दोन ते चार सेकंद थांबायचं आणि मुख्य मुद्दा यायच्या आत परतायचं. पळत्या कॅमेऱ्यावर कट नाही: "स्थिर" असं टॉकबॅकवर ऐकू आल्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही.

एक नियम मात्र कार्यक्रमानंतर आला. ग एक वादग्रस्त विधान करत होता आणि ख होकारार्थी मान हलवत होता. मी तीनवर कट केला, नजर जुळली, फ्रेम सुंदर होती. दुसऱ्या दिवशी खचा फोन आला. "मी फक्त ऐकतोय म्हणून मान हलवत होतो हो, तुम्ही तर माझी संमतीच दाखवलीत." त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पुढे त्यांनी त्याच विधानाला विरोध केला होता. आता वादाच्या विधानावर मी डोलणारी मान घेत नाही. सूत्रसंचालक घेते, नाहीतर वक्त्यावरच राहते.

प्रत्येक कॅमेऱ्याचं स्वतंत्र रेकॉर्डिंग होतं म्हणून दुरुस्ती करता आली. खचा दुसऱ्या वेळचा गंभीर चेहरा तिथे बसवणं सोपं होतं, पण तो त्या क्षणाचा चेहरा नव्हता. त्याच क्षणाचा चार नंबरचा वाइड लावला. त्यात ख अजूनही मान हलवताना दिसतो, पण पाचांपैकी एक म्हणून, आणि ग बोलताना दिसतो. तो पाहून ख यांनी "आता ठीक आहे" असं कळवलं.