४२०० की २१००? दोन संध्याकाळी एका भागाकारावर

गणित साधं होतं. १० स्वयंसेवक, तीन कामं: नोंदणीला ४, मंचावर ३, दारावर ३. वाटणी किती प्रकारे होईल? मल्टिनॉमियल सहगुणकाचं सूत्र मला पाठ होतं: १०!/(४!·३!·३!) = ४२००. तरीही मी उत्तर २१०० लिहिलं. दोन गट तीन-तीन जणांचे, म्हणून आणखी २! ने भागलं. उत्तरसूचीत नुसतं ४२०० छापलेलं, कारणाचा एक शब्द नाही. त्याचा राग मला अजून आहे, कारण सगळी अडचण त्या न लिहिलेल्या एका ओळीत होती.

पडताळा म्हणून मी पायरीपायरीने निवड केली. १० मधून ४ म्हणजे २१०, उरलेल्या ६ मधून ३ म्हणजे २०, शेवटच्या तिघांचा १ प्रकार. गुणाकार पुन्हा ४२००. मग माझा २! कुठे चुकत होता?

शेवटी आकडे लहान केले. अ, ब, क, ड असे चौघे, दोन मंचावर, दोन दारावर. कागदावर सगळ्या वाटण्या लिहिल्या तर ६ निघाल्या. त्यात 'अब मंचावर, कड दारावर' आणि 'कड मंचावर, अब दारावर' अशा दोन ओळी दिसल्या. मी २! ने भागून या दोन्हींना एकच मानत होतो. पण पहिलीत अ मंचावर आहे, दुसरीत दारावर. त्याला विचारलं तर तो या दोन्ही एकच म्हणेल का? कामाचं नाव लागलं की सारख्या आकाराचे गटही वेगळे राहतात.

मग सूत्रातले भागाकार कशासाठी, तेही उमगलं. दहाही जणांना रांगेत उभं करा: पहिले ४ नोंदणीला, पुढचे ३ मंचावर, शेवटचे ३ दारावर. नोंदणीतल्या चौघांनी आपसांत जागा बदलल्या तरी वाटणी तीच राहते, म्हणून ४! ने भागायचं. मंचावरचे तिघे आपसांत किंवा दारावरचे तिघे आपसांत हलले तरी तेच, म्हणून दोनदा ३!. मंचावरचे तिघे आणि दारावरचे तिघे यांची अदलाबदल मात्र वाटणी बदलते, म्हणून तिच्यासाठी भागाकार नाही. प्रश्नात कामं नसती, नुसते ४, ३, ३ चे गट पाडायचे असते, तर २१०० बरोबर होतं. तिथेही भागायचं २! नेच, कारण सारखे गट दोनच आहेत. गट तीन म्हणून ३! ने भागाल तर ७०० येईल, तेही चूक.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: कोणत्या कामाला किती माणसं, हे प्रश्नात ठरलेलं आहे का ते पाहा. 'कोणत्या तरी एका कामाला ४, बाकी दोन्हींना ३' असं असेल तर चौघांचं काम आधी निवडावं लागतं. त्याचे ३ प्रकार, म्हणून उत्तर ३ × ४२०० = १२६००.