पोळलेल्या हातावरचा फोड फोडायचा की नाही? माझा अनुभव

पोळलेल्या हातावरचा फोड फोडायचा की नाही, हे ड्रेसिंगच्या खोलीत सुई घेऊन बसलेल्या माणसाने ठरवायचे नसते, ही गोष्ट मला त्या खोलीतच अडून बसून मिळवावी लागली आणि तो वैताग अजून गेलेला नाही.

एप्रिलमधल्या संकष्टीला साबुदाण्याचे वडे तळत असताना एक वडा कढईत फुटला आणि उकळते तेल डाव्या हाताच्या पाठीवर व मनगटावर उडाले. गॅस बंद करून मी लगेच नळाखाली हात धरला, पण दुपारच्या वेळी गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी चांगलेच कोमट होते आणि अशा पाण्याने भाजलेली जागा हवी तशी थंड होत नाही. म्हणून माठातले आणि पिंपातले पाणी मग्याने हातावर सारखे ओतत राहिलो. आग थांबल्यासारखी वाटली तरी वीस मिनिटे पुरी होईपर्यंत ओतणे थांबवले नाही, कारण तेल ओघळून गेले तरी कातडीच्या आत साठलेली उष्णता खालच्या थराला इजा करतच राहते. लगेच जमले नाही, तरी पहिल्या तीन तासांत असे थंड केल्याचा उपयोग होतो. शेजारच्या काकू बर्फ घेऊन आल्या होत्या आणि टूथपेस्टही सुचवत होत्या. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात व आधीच दुखावलेल्या कातडीला आणखी इजा होऊ शकते, तर टूथपेस्ट, हळद किंवा तूप लावल्यास उष्णता आत कोंडते आणि पुढे डॉक्टरांना जखम नीट दिसतही नाही.

संध्याकाळपर्यंत हाताच्या पाठीवर वाटाण्याहून लहान असे दोन फोड आले आणि मनगटाच्या घडीवर एक मोठा, टम्म फुगलेला फोड आला. जखम सांध्यावर असल्यामुळे मी दवाखान्यात गेलो. तिथल्या ड्रेसरने केसपेपर न वाचताच सुई उचलली आणि “पाणी काढून टाकू, लवकर वाळेल,” असे म्हणाला. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय फोडाला हात लावू नका, असे मी सांगितले तेव्हा त्याने माझा कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला, आणि नंतर आलेले लोक ड्रेसिंग करून घरी गेले तरी मी बाकावरच होतो. हात उंच धरून बसल्याने ठणका थोडा कमी राहत होता, एवढाच काय तो त्या बसण्याचा फायदा.

अखेर डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी तिन्ही फोडांना एकच न्याय लावला नाही. लहान फोडांवरची कातडी अखंड होती, म्हणून ते तसेच ठेवायला सांगितले, कारण ती कातडी हेच त्या जागेचे स्वच्छ आवरण असते. खालचा कच्चा थर त्यामुळे ओलसर राहतो, जंतूंना वाट मिळत नाही आणि दुखतेही कमी. मनगटावरचा फोड मात्र हात वाकवताच ताणला जात होता व कधीतरी शर्टाच्या बाहीत घासून आपोआप फाटणार होता. तो त्यांनी सलाइनने धुऊन निर्जंतुक कात्रीने उघडला आणि वरची मेलेली कातडी पूर्ण काढली. नुसत्या सुईने पाणी काढले तर आत शिरायला भोक राहते आणि मेलेली कातडीही जागेवरच राहते, हे त्यांनी ड्रेसरला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, तेव्हा मला झालेला आनंद मी लपवत नाही. आतला भाग गुलाबी व ओला होता आणि दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा गुलाबी होत होता, म्हणजे भाजणे वरवरचे होते. तोच भाग मेणासारखा पांढरा आणि स्पर्शाला बधिर लागला असता, तर जखम खोल समजून पुढे पाठवावे लागले असते.

त्यावर न चिकटणारी जाळीची पट्टी, वर गॉज आणि सैल बँडेज बांधले. घरून निघताना जखम झाकायची असेल, तर कापूस लावू नये, कारण त्याचे तंतू चिकटतात. स्वच्छ सुती कापड किंवा अन्न झाकायच्या पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा नुसता वर ठेवावा, हाताभोवती गुंडाळू नये. वर सांगायचे राहिले ते असे की अंगठी, घड्याळ, बांगड्या पाणी ओतता ओतताच काढाव्यात, कारण नंतर सूज आली की त्या निघत नाहीत. धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन केव्हा झाले, तेही आठवून जावे, कारण भाजल्यावर तो प्रश्न विचारला जातोच.

हाताच्या पाठीवरचे दोन्ही फोड हळूहळू आपणहून बसले. मनगटाची जखम भरायला अधिक वेळ लागला. भोवतीची लाली पसरू लागली, पू किंवा वास आला, ताप आला, किंवा दोन आठवड्यांत जखम मिटली नाही, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता यावे, असे बाईंनी केसपेपरवर लिहून दिले होते. पुढच्या ड्रेसिंगला तो कागद मी ड्रेसरच्या हातात दिला आणि त्याने वाचून होईपर्यंत बँडेजला हात लावू दिला नाही.